नाव परत मागू नका, मजकूर मागा

मालवणच्या जेटीपासून देवबागच्या संगमापर्यंत निवास-न्याहारी चालवणाऱ्या लोकांत गेली दोन-तीन वर्षं एक वाद अधूनमधून उसळतो. कुणाचं तरी जुनं जीमेल खातं 'वापरात नाही' म्हणून काढून टाकलेलं असतं. त्यात पहिल्या हंगामाचे फोटो असतात, पाहुण्यांची पत्रं असतात, बांधकामाच्या वेळचे कागद असतात. मग एक जण म्हणतो, "फुकटचा होता मां, मगे गेला तर बोंबलतंस कित्याक?" दुसरा तितक्याच तावातावाने म्हणतो, "नाव माझा आसा, ता माका परत गावाक होया." ऐकणारे दोन बाजूंत वाटले जातात आणि चहा संपतो.

मला दोन्ही बाजू मान्य नाहीत. पहिल्याला वाटतं की खातेदाराने हक्क सोडला होता, कंपनीने फक्त केर काढला. दुसऱ्याला वाटतं की नाव आणि मजकूर ही एकच मालमत्ता आहे आणि ती एकत्रच परत मिळायला हवी. खात्याचं नाव आणि खात्यातला मजकूर यांचा न्याय वेगळा आहे. गेलेलं नाव कुणालाही परत मिळू नये, खुद्द जुन्या मालकालासुद्धा नाही, असं माझं मत आहे. मजकूर मात्र परत मिळण्याची सोय असायलाच हवी आणि आज ती जवळजवळ नाही. हे दोन हक्क एकत्र बांधल्यामुळे आपण जे मिळू नये ते मागत बसतो आणि जे मागायला हवं ते विसरतो.

आधी खातं मरतं कसं ते पाहू, कारण 'हक्क सोडला' हा आरोप तिथेच तपासता येतो.

गूगलने १६ मे २०२३ रोजी जाहीर केलं की दोन वर्षं ज्या वैयक्तिक खात्यात कुणी शिरलेलं नाही ते खातं आतल्या मजकुरासकट काढता येईल. मजकूर म्हणजे पत्रं, ड्राइव्हमधले कागद, कॅलेंडर, फोटो, सगळं. प्रत्यक्ष काढणी १ डिसेंबर २०२३ च्या आधी सुरू होणार नव्हती, आणि पहिली पाळी उघडून कधीच न वापरलेल्या खात्यांची होती. शाळा-कचेऱ्यांची, संस्थांनी दिलेली खाती यातून वगळली. काढण्याआधी निदान आठ महिन्यांपासून सूचना पाठवू, त्या खात्यावरही आणि नोंदवलेल्या पर्यायी ई-मेलवरही, असं कंपनीने कळवलं. खातं जिवंत राहायला फार काही करावं लागत नाही. त्या खात्याने आत शिरून एखादं पत्र वाचलं, एखादा व्हिडिओ पाहिला, फोनवर एखादं अॅप उतरवलं, की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

कागदावर हे उदार वाटतं. आता ते आपल्या किनाऱ्यावर उतरवून पाहा. धरा, देवबागच्या एका घराने २०१२ च्या सुमारास दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. मुंबईहून गणपतीला आलेल्या भाच्याने मालवणातल्या सायबर कॅफेत बसून खातं उघडून दिलं. पर्यायी ई-मेल म्हणून भाच्याने आपला कॉलेजातला पत्ता घातला, मोबाइल नंबर घरातल्या त्या वेळच्या एकुलत्या फोनचा. पाच-सहा वर्षं बुकिंग त्याच पत्त्यावर आलं. मग व्हॉट्सअॅप आलं आणि ई-मेल लिहिणारे पाहुणे आटले. घरात नवा स्मार्टफोन आला तेव्हा कणकवलीच्या दुकानदाराने विचारलं, "जीमेल आहे?" मालकाला पासवर्ड आठवेना, मागे गिऱ्हाइकं उभी. दुकानदाराने दोन मिनिटांत नवं खातं उघडून फोन हातात दिला. पुढच्या फोनच्या वेळी आणखी एक. अशा घरांत तीन-तीन, चार-चार जीमेल खाती असतात आणि त्यांतलं फक्त शेवटचं जिवंत असतं.

या माणसाने कधी काय सोडलं? तो तर रोज गूगल वापरतोय, नकाशा पाहतोय, व्हिडिओ पाहतोय. पण नव्या खात्याने. जुन्या खात्याच्या हिशेबात तो दोन वर्षं 'बेपत्ता' आहे. सूचना गेल्या त्या जुन्या पेटीत, जी तो उघडत नव्हता म्हणूनच तर सूचना गेल्या. आणि भाच्याच्या कॉलेजातल्या पत्त्यावर, जो भाच्याने पदवी घेतली तेव्हाच बंद झाला. आठ महिने दारावर नोटीस लागली हे खरं, पण ज्या दाराला कुलूप आहे म्हणून नोटीस काढली त्याच दारावर आतल्या बाजूने. कंपनीने नियम मोडला असं मी म्हणत नाही. नियम पाळूनही सूचना पोहोचत नाही, एवढंच म्हणतो, आणि न पोहोचलेल्या सूचनेवरून 'हक्क सोडला' असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही.

आता 'फुकटचं होतं' या मुद्द्याकडे. हा मुद्दा बोलणाऱ्याला अगदी बिनतोड वाटतो. पण कंपनीच्याच नियमात काही अपवाद आहेत. ज्या खात्यातून एखादं डिजिटल पुस्तक किंवा चित्रपट विकत घेतला आहे, ज्यात भेटकार्डाची रक्कम शिल्लक आहे, ज्यातून एखादी वर्गणी चालू आहे, ते खातं निष्क्रिय असलं तरी काढत नाहीत. म्हणजे दोन वर्षं न फिरकलेलं खातं सांभाळणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, हे कंपनीच कबूल करते. सांभाळायचं की नाही हे ठरतं आत पैशाची पावती आहे की नाही यावरून. विकत घेतलेला एक चित्रपट हा ठेवा, आणि आईने शेवटच्या आजारपणात मुंबईहून लिहिलेली पत्रं हा केर! ही रेघ कुणी ओढली आणि ती अशीच का ओढली, हे विचारण्याचा हक्क फुकट वापरणाऱ्यालाही आहे. शिवाय 'फुकट' हा शब्द ज्या धंद्यात जाहिरात दाखवून कमाई होते तिथे जरा जपूनच वापरावा.

"पण बँकही निष्क्रिय खातं बंद करतेच की," असं लगेच कुणीतरी म्हणतं. हा दाखला मला मनापासून आवडतो, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार खातेदाराने दोन वर्षं स्वतःहून व्यवहार केला नाही की बचत खातं 'निष्क्रिय' होतं. दोन वर्षं, बरोबर गूगलइतकीच. पण पुढे काय होतं पाहा. पैसे जागेवर राहतात, बचत खात्यावरचं व्याज चालू राहतं, किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही. ओळखीचे कागद दिले की खातं पुन्हा चालू होतं आणि त्याचं शुल्क घेता येत नाही. दहा वर्षं कुणी आलं नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. ही योजना २०१४ ची. तिथे गेल्यावरही ठेवीदार किंवा त्याचे वारस बँकेकडे अर्ज करून ती मागू शकतात. ऑगस्ट २०२३ मध्ये तर रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' नावाचं संकेतस्थळ काढलं, की आपल्या आजोबांच्या विसरलेल्या ठेवी वेगवेगळ्या बँकांत एकाच ठिकाणी शोधता याव्यात.

पैसा आणि मजकूर सारखे नाहीत, हे मलाही कळतं. पैशाला पैसा बदली चालतो, नाश करायचा प्रश्नच येत नाही. मजकूर जागा खातो आणि सांभाळायला खर्च येतो. पण दाखल्यातला कणा वेगळा आहे. बँकेत निष्क्रियतेची शिक्षा खात्याला मिळते, ठेवीला नाही. खात्याचं दार बंद होतं, ठेव सरकवून दुसऱ्या तिजोरीत जाते आणि हक्क सांगणाऱ्याची वाट बघते. ई-मेलच्या जगात दार आणि तिजोरी एकाच घणाने फोडतात.

यावर कंपन्यांचं खरं, वजनदार उत्तर सुरक्षेचं आहे. ते मी हसण्यावारी नेत नाही. सोडून दिलेल्या खात्यांना जुने, कुठेकुठे पुन्हा वापरलेले पासवर्ड असतात. गूगलच्या अंतर्गत पाहणीप्रमाणे अशा खात्यांवर दुहेरी पडताळणी लावलेली असण्याची शक्यता चालू खात्यांच्या निदान दहापट कमी आहे. असं खातं चोराच्या हाती लागलं तर तो मालकाच्या नावाने कुणाकडेही पैसे मागू शकतो. मान्य. पण या युक्तिवादातून निघतं ते एवढंच, की दोन वर्षांनी त्या खात्यातून पत्र जाऊ नये, येऊ नये आणि नुसत्या पासवर्डावर आत शिरता येऊ नये. हे सगळं कुलूप लावून साधतं. आतला मजकूर जाळावा लागतो हे त्यातून निघत नाही. चोराच्या भीतीने आपण मुंबईकरांच्या बंद घरांना कुलपं लावतो, घरं पाडत नाही.

अलीकडे आणखी एक सबब ऐकू येते, की नव्या कायद्यानेच असं करायला सांगितलंय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यात खरंच एक कालमर्यादा आहे. दोन कोटी किंवा अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेली समाजमाध्यमं आणि ई-व्यापाराच्या कंपन्या, तसंच पन्नास लाख किंवा अधिक वापरकर्त्यांच्या ऑनलाइन खेळांच्या कंपन्या, यांनी माणूस तीन वर्षं फिरकला नाही तर त्याचा वैयक्तिक डेटा पुसायचा. पुसण्याआधी निदान ४८ तास त्याला कळवायचं. पण सबब सांगणारे पुढची ओळ वाचत नाहीत. वापरकर्त्याला स्वतःच्या खात्यात शिरता यावं यासाठी जो डेटा लागतो, तो या तीन वर्षांच्या नियमातून वगळलेला आहे. म्हणजे कायदा म्हणतो की इतक्या काळाने त्याची माहिती इतर कामांना वापरत बसू नका. त्याचं खातंच उडवा असं म्हणत नाही. शिवाय ई-मेलची पेटी या तीन वर्गांत बसते का, यावर वकिलांना बराच वाद घालता येईल, आणि नियमांचा हा भाग लागू व्हायला अधिसूचनेपासून अठरा महिन्यांची मुदत आहे. दोन वर्षांनी खातं उडवण्याचा निर्णय त्याआधीचा आहे आणि तो सर्वस्वी कंपनीचा आहे.

या कायद्याबद्दल माझं गाऱ्हाणं उलट बाजूचं आहे. तो माणसाला आपला डेटा पुसून घेण्याचा हक्क देतो, दुरुस्तीचा हक्क देतो, आपल्यामागे हे हक्क कुणी चालवावेत त्याचं नामनिर्देशन करू देतो. पण आपला मजकूर एकगठ्ठा उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क त्यात नाही. २०१९ च्या विधेयकात तसं कलम होतं, २०२३ च्या कायद्यात ते उरलं नाही. माहिती मागितली तर डेटाचा सारांश मिळेल. पत्रं आणि फोटो मिळतीलच असं नाही. ४८ तासांची सूचना हीसुद्धा जुलैत देवबागला वीज आणि नेटवर्क किती तास असतं हे माहीत असलेल्या माणसाने लिहिली असेल असं वाटत नाही.

इथवर मी पहिल्या बाजूशी भांडलो. आता दुसरीशी, म्हणजे ज्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे त्यांच्याशी. "नाव परत द्या" ही मागणी धोक्याची आहे.

कशी, ते याहूने दाखवून दिलं. जून २०१३ मध्ये त्या कंपनीने जाहीर केलं की बारा महिने न वापरलेली नावं मोकळी करून नव्या लोकांना देऊ. लोकांनी जुलैत हवी ती नावं नोंदवली, ऑगस्टमध्ये ती वाटली गेली. सप्टेंबरपर्यंत नव्या मालकांच्या पेटीत जुन्या मालकांची पत्रं येऊ लागली होती, त्यांत खाजगी माहितीची पत्रंही होती. पाठवणाऱ्यांना काय ठाऊक की घरात भाडेकरू बदलला! याहूला 'हे पत्र माझं नाही' असं सांगणारं बटण पेटीत बसवावं लागलं. फेसबुक आणि याहू यांच्या अभियंत्यांनी मिळून पत्राच्या माथ्यावर एक नवी ओळ घालायची पद्धत तयार केली. हा पत्ता अमुक तारखेपासून याच माणसाकडे असेल तरच पत्र आत घे, असं ती ओळ सांगते. २०१४ मध्ये RFC 7293 या क्रमांकाने ती प्रसिद्ध झाली. एक नाव दोनदा वाटल्याची ही किंमत, आणि पाठवणाऱ्याने ती ओळ घातलीच नाही तर संरक्षण शून्य.

ई-मेलचा पत्ता म्हणजे बाकीच्या कुलपांची किल्ली असते, हे त्यामागचं कारण. देवबागच्या आपल्या घरमालकाने त्या जुन्या पत्त्यावर काय काय नोंदवलं असेल ते मोजा. प्रवास कंपन्यांची बुकिंग खाती, बँक, वीजबिल, इन्स्टाग्राम. उद्या तो पत्ता दुसऱ्या कुणाला मिळाला, तर त्याने फक्त 'पासवर्ड विसरलो' वर बोट ठेवायचं. नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा त्याच्याच पेटीत येऊन पडेल. म्हणून गूगलने जे ठरवलंय, की काढलेल्या जीमेल खात्याचं नाव पुन्हा कुणालाही घेता येणार नाही, ते बरोबर आहे. या एका बाबतीत मी कंपनीच्या बाजूचा आहे आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

"पण दुसऱ्याला नको, मलाच द्या ना!" हे म्हणणं न्याय्य वाटतं. अडचण अशी, की 'मीच तो' हे ठरवायचं कशावरून? जुना पासवर्ड, पर्यायी पत्ता, नोंदवलेला फोन, नेहमीचं यंत्र, नेहमीची जागा, या खुणांवरून कंपनी माणूस ओळखते. खातं पुसलं की त्यासोबत या खुणाही पुसल्या जातात. पडताळायला समोर काही उरतच नाही. आधार कार्ड दाखवतो म्हणाल, तर खातं उघडताना आधार दिलं होतं कुणी? खात्यावर एक नाव होतं आणि ते खरं असल्याचीही कुणी खात्री केली नव्हती. आपल्याकडे तर एकाच वाडीत एकाच नावा-आडनावाचे तीन जण निघतात. परब, सावंत, तांडेल यांच्या गावांत काय सांगावं! फक्त नाव जुळतं म्हणून पत्ता द्यायचा ठरलं, तर हक्क सांगायला पहिला उभा राहील तो खरा मालक नसण्याचीच भीती जास्त.

आणि ज्या फोन नंबरवर सगळ्यांचा भरवसा असतो, तो तर याहून कच्चा. आपल्या पट्ट्यात बुकिंगसाठी वेगळं सिमकार्ड ठेवण्याची पद्धत आहे. मे सरता सरता किल्ल्याची प्रवासी होडी बंद होते, जूनपासून समुद्रातले खेळ थांबतात, पाहुणे जातात आणि ते सिम कपाटात पडतं. जून, जुलै, ऑगस्ट मिळून होतात ९२ दिवस. दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे सलग ९० दिवस प्रीपेड सिमवर फोन, संदेश, इंटरनेट काहीच झालं नाही तर ते बंद करता येतं. वीस रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत पुढे सरकते, तेवढीच. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, असं नियामकाने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही सांगितलं. हिशेब करा. एक जूनला कपाटात गेलेलं सिम ऑगस्टअखेर बंद पडू शकतं आणि नोव्हेंबर संपता संपता तो नंबर नागपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या खिशात असू शकतो. नाताळच्या गर्दीत आपला घरमालक 'माझ्या फोनवर संकेतांक पाठवा' म्हणतो, तेव्हा तो संकेतांक कुठे वाजतो? जीमेलचं नाव कायमचं गोठवतात आणि त्या नावाची किल्ली असलेला नंबर मात्र सहा महिन्यांत फिरतो. व्हॉट्सअॅपचंही तसंच, तिथे साधारण १२० दिवस वापर नसलेलं खातं काढतात.

सार्वजनिक व्यासपीठावरची नावं थोडी वेगळी, हे मान्य करायला हवं. तिथे नाव ही किल्ली कमी आणि पाटी जास्त असते, आणि कुणीतरी २००९ मध्ये अडवून ठेवलेलं गावाचं नाव गावाला मिळावं असं वाटणं स्वाभाविक आहे. ट्विटरने नोव्हेंबर २०१९ मध्ये सहा महिने न वापरलेली खाती काढून नावं मोकळी करायचं ठरवलं होतं. लोकांनी विचारलं, मेलेल्या माणसांच्या खात्यांचं काय? एका दिवसात कंपनीने पाऊल मागे घेतलं, कारण त्या प्रश्नाचं उत्तर तयार नव्हतं. २०२३ मध्ये नव्या मालकाने तोच विषय पुन्हा काढला. पाटी काढून दुसऱ्याला द्यायची असेल तर निदान जुन्या पाटीखालचं लिखाण आधी कुठे ठेवणार ते सांगा, एवढी अट मी घालीन.

मग ज्याचं खातं गेलं त्याने आज काय करायचं? सर्वप्रथम ते खरंच गेलंय का ते पाहायचं, कारण पासवर्ड विसरणं आणि खातं जाणं यांत अनेकांची गल्लत होते. शिरताना पत्ता घातल्यावर "Couldn't find your Google Account" असं आलं तर खातं नाही. पासवर्ड मागितला तर आहे. दुसऱ्या खात्यावरून त्या पत्त्यावर पत्र पाठवून पाहा. `550-5.1.1` या आकड्यासह पत्र परत आलं तर पेटी उरलेली नाही. त्याच नावाने नवं खातं उघडून पाहण्याची युक्ती मात्र फसवी आहे. नाव आधीच घेतलेलं आहे असा संदेश जिवंत खात्यालाही येतो आणि गेलेल्या खात्यालाही, त्यावरून लोक उगाच आशा धरतात. खातं नुकतंच गेलं असेल तर पुनर्प्राप्तीचं पान ते परत मिळू शकेल असं सांगतं. तेव्हा एक दिवसही न दवडता, जुन्या यंत्रावरून, घरच्याच इंटरनेटवरून प्रयत्न करायचा. ही मुदत थोडी असते. ती उलटली की पैसे घेऊन खातं 'आतून' काढून देतो म्हणणारा प्रत्येक जण ठग समजायला हरकत नाही.

नकाशावरची आपल्या निवासाची नोंद मात्र बहुतेक वेळा वाचलेली असते. ती खात्याच्या मालकीची असली तरी जागा नकाशावर राहते, पाहुण्यांनी टाकलेले फोटो आणि अभिप्राय त्यांच्या खात्यांचे असल्याने तेही राहतात. नव्या खात्याने त्या नोंदीच्या मालकीची मागणी करता येते. जुन्या मालकाला उत्तरासाठी तीन दिवस मिळतात, तो उत्तर देत नाही हे उघडच आहे, आणि मग पाटीसकट जागेचा व्हिडिओ वगैरे दाखवून आपण पडताळणी करून घ्यायची. इथे पडताळणी शक्य होते, कारण घर खरोखर उभं आहे. पत्रांचं म्हणाल, तर आपण पाठवलेली पत्रं समोरच्याच्या पेटीत अजून असू शकतात. नेहमीच्या चार पाहुण्यांना विचारलं तर बरंच काही हाती लागतं. ज्यांची खाती अजून शाबूत आहेत त्यांनी त्याच गूगलमधली निष्क्रिय खाते व्यवस्थापक ही सोय लावावी. किती महिन्यांनी निष्क्रिय समजायचं ते ३ ते १८ महिन्यांत आपणच ठरवायचं, आणि दहापर्यंत विश्वासू माणसांची नावं द्यायची, म्हणजे वेळ आल्यावर त्यांना निरोप जातो आणि ठरवलेला मजकूर उतरवून घ्यायला तीन महिने मिळतात. २०१३ पासून ही सोय आहे. ती लावलेला माणूस आमच्या बाजारपेठेत शोधावा लागेल.

हे झालं खातेदाराचं काम. कंपनीकडून काय मागायचं ते मी बँकेच्या हिशेबाने सांगतो. दोन वर्षांनी खातं बंद करा, त्यातून पत्रव्यवहार थांबवा, नाव कायमचं गोठवा. ओळखीच्या खुणा आणि मजकूर मात्र आणखी दहा वर्षं कुलपात ठेवा. खूण पटवून कुणी आलं तर त्याला खातं देऊ नका, नाव देऊ नका, फक्त मजकुराचा गठ्ठा द्या आणि मग पुसा. ज्याला आधीच पुसून हवं असेल त्याला तसं सांगता आलं पाहिजे, कारण आपलं जुनं लिखाण दहा वर्षं कुणाच्या तरी कपाटात राहू नये असंही काहींना वाटतं आणि तो त्यांचा हक्क आहे. सूचना फक्त बंद पेटीत नको. त्याच फोनवर, त्याच नंबराने, त्याच घरातून दुसरं खातं रोज चालत असेल तर त्या पडद्यावर विचारा की हे जुनं खातंही तुमचंच का. जाहिरात दाखवायला जी ओळख चालते ती इथे चालायला अडचण येऊ नये.

खर्च कोण करणार, हा यावरचा शेवटचा आक्षेप असेल. ज्या घरमालकाचं उदाहरण मी घेतलं त्याची पाच-सहा वर्षांची पत्रं आणि फोटो फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत बसले होते, तेही निम्मी जागासुद्धा न भरता. तो गठ्ठा थंड साठवणीत ठेवायला जो काही खर्च येईल तेवढं शुल्क, परत नेताना, त्याच्याकडून घ्या. तो देईल. बुकिंगच्या दलालांना तो दर हंगामाला याहून कितीतरी जास्त देतो.